५जीचा डबा की काचेची तार: रत्नागिरीतल्या एका घराची दोन महिन्यांची मोजणी

घर रत्नागिरी शहराच्या कडेला, एकमजली, वर स्लॅब, मागे आंब्याची चार झाडं. माणसं पाच. एकाचं घरून ऑफिसचं काम, त्यात दिवसातून तीन तास व्हीपीएनवर व्हिडिओ कॉल. एक कॉलेजची मुलगी, बाकीच्यांचे फोन आणि संध्याकाळी टीव्ही. एप्रिल २०२५ पर्यंत हे सगळं मोबाईलच्या हॉटस्पॉटवर चाललं होतं. मे महिन्यात आम्ही ५जीचं होम ब्रॉडबँड आणि केबलवाल्यांचं फायबर अशी दोन्ही कनेक्शन्स घेतली, महिनाभर समोरासमोर चालवली आणि मग एक बंद केलं. दोन्ही घेण्याचा खर्च सगळ्यांनी करावा असं नाही. कुठे काय मोजायचं हे कळलं तर बहुतेकांना एकाच कनेक्शनमध्ये निर्णय करता येईल, म्हणून हे तारखांसकट लिहून ठेवते आहे.

२ मे: आधी घरचा वापर

कंपन्यांचे प्लॅन बघण्याआधी महिन्याला किती डेटा लागतो ते काढलं. टीव्हीवर एचडी बघितलं की तासाला साधारण ३ जीबी जातो, फोर-केला ७ जीबीपर्यंत. आमच्याकडे रोज चार तास एचडी, म्हणजे महिन्याला ३६० जीबी. चार फोन, प्रत्येकी दिवसाला २ जीबी धरले तर २४० जीबी. ऑफिसचे कॉल आणि फाइली ८० जीबी, लॅपटॉपचे अपडेट वगैरे ४० जीबी. बेरीज ७२० जीबी.

हा आकडा महत्त्वाचा, कारण ५जी होम ब्रॉडबँडच्या प्लॅनमध्ये महिन्याची मर्यादा साधारण १ टीबी असते आणि फायबरच्या ‘अमर्यादित’ प्लॅनमध्ये ३.३ टीबी. मर्यादा संपली की कनेक्शन तुटत नाही, पण वेग इतका उतरतो की टीव्ही चालत नाही. आणि या मर्यादेत डाउनलोड आणि अपलोड दोन्ही मोजले जातात. सीसीटीव्ही असलेल्या घरांनी इथे विशेष जपावं. एक कॅमेरा १ एमबीपीएसने दिवसरात्र क्लाउडवर रेकॉर्डिंग पाठवत असेल तर दिवसाला जवळपास ११ जीबी जातो, महिन्याला सव्वातीनशे. असे तीन कॅमेरे म्हणजे १ टीबी तिथेच संपला. रेकॉर्डिंग कॅमेऱ्यातल्या मेमरी कार्डवर किंवा डीव्हीआरवर ठेवलं आणि फोनवरून कधीतरीच बघितलं तर हा प्रश्न येत नाही.

७२० म्हणजे आम्ही १ टीबीत बसत होतो, पण मुलं सुट्टीला आली आणि फोर-के टीव्ही लागला की बसलो नसतो.

४ मे: सिग्नल मोजला

फोनवर दांड्या किती दिसतात यावर ५जीचा निर्णय घेऊ नये. अँड्रॉइडवर नेटमॉन्स्टरसारखं मोफत अ‍ॅप टाकलं की खरे आकडे दिसतात. त्यातले दोनच बघायचे. `RSRP` म्हणजे टॉवरचा सिग्नल तुमच्यापर्यंत किती जोराने पोचतो, आणि `SINR` म्हणजे तो आजूबाजूच्या गोंगाटातून किती स्वच्छ ऐकू येतो. पहिला आकडा उणे असतो. उणे ८० उत्तम, उणे ९५ चालेल, उणे १०५ च्या पुढे गेला की कठीण. `SINR` २० च्या आसपास उत्तम, १० च्या वर कामचलाऊ, ५ च्या खाली आशा सोडावी. दोन्हींत `SINR` जास्त खरं बोलतो. सिग्नल जोरदार असूनही दोन टॉवर एकमेकांवर बोलत असतील तर वेग मिळत नाही.

तिसरी नोंद बँडची. आपल्याकडे ५जीचा मोठा वेग येतो तो ३,३०० मेगाहर्ट्झच्या पट्ट्यातून. अ‍ॅपमध्ये तो `n78` असा दिसतो. २०२२ च्या लिलावात दोन्ही मोठ्या कंपन्यांनी त्यात प्रत्येकी १०० मेगाहर्ट्झ घेतले. जिओने त्याशिवाय ७०० मेगाहर्ट्झचा पट्टाही घेतला, `n28`, पण तो १० मेगाहर्ट्झच रुंद आहे. ७०० चा सिग्नल भिंतीतून आत येतो, लांब जातो, त्यामुळे घरात दांड्या भरलेल्या दिसतात. रस्ता मात्र अरुंद. ‘घरात फुल ५जी आहे पण स्पीड नाही’ ही तक्रार ऐकली की आधी बँड बघावा.

आमच्या घरचे आकडे असे आले. हॉलमध्ये `RSRP` उणे १०८, `SINR` ४. पूर्वेच्या खिडकीत उणे ९७ आणि ११. गच्चीवर उणे ८४ आणि १९. तीच कंपनी, तोच टॉवर, मध्ये फक्त एक स्लॅब आणि एक भिंत. ३,३०० मेगाहर्ट्झच्या लहरींना काँक्रीट फारसं मानवत नाही, म्हणून ५जी ब्रॉडबँडचा अँटेनाचा डबा बाहेर लावतात. प्रत्येक जागी पाच मिनिटं थांबून, दुपारी आणि रात्री नऊला, असे दोनदा आकडे घ्यावेत. गच्चीवरही `SINR` दहाच्या खाली असेल तर ५जीचा विचार तिथेच थांबवायला हरकत नाही. ज्या कंपनीचं कनेक्शन घ्यायचं तिचंच सिम फोनमध्ये हवं, हे सांगायला नको.

६ मे: केबलवाल्यांना विचारलेले प्रश्न

‘फायबर’ हा शब्द फार सैल वापरला जातो. काही ठिकाणी काचेची तार फक्त इमारतीच्या गच्चीपर्यंत येते, तिथे एक स्विच असतो आणि घरात साधी लॅनची तांब्याची वायर येते. तो स्विच गच्चीवरच्या विजेवर चालतो. इमारतीची वीज गेली की तुमच्या घरात इन्व्हर्टर असूनही नेट बंद. म्हणून पहिला प्रश्न हाच: काच माझ्या घरातल्या डब्यापर्यंत येणार का? घरात येणारी वायर चपटी, काळी, बारीक आणि टोकाला हिरवा किंवा निळा चौकोनी कनेक्टर असेल तर ती काच. टोकाला टेलिफोनसारखी पण जरा रुंद पारदर्शक पिन असेल तर ते तांबं.

दुसरा प्रश्न, सर्वांत जवळचा स्प्लिटरचा डबा, म्हणजे एका तारेतला प्रकाश अनेक घरांत वाटणारा डबा, कुठे आहे आणि त्यात मोकळं पोर्ट आहे का. तिसरा, तार तुटली तर जोडायला कोण येतं आणि काचेची टोकं वितळवून जोडणारं स्प्लायसिंग मशीन त्यांच्याकडे स्वतःचं आहे का. मशीन दुसऱ्या गावाहून मागवावं लागत असेल तर दुरुस्तीला किती वेळ लागेल याचा अंदाज आपोआप येतो.

आमच्या केबलवाल्या काकांनी सरळ उत्तरं दिली. डबा चार खांब सोडून, सुमारे १६० मीटरवर. पोर्ट आहे. मशीन आहे, पण माणूस एकच. १०० एमबीपीएसचा प्लॅन ७०० रुपये, १८ टक्के जीएसटी धरून ८२६. जोडणीचे १,५००. पन्नास मीटर तार मोफत, पुढे मीटरला दहा रुपये, म्हणजे ११० मीटरचे १,१००. राउटरसह डबा वापरायला, कनेक्शन सोडलं की परत. त्यांनी २६ मे तारीख दिली.

९ मे: ५जी लागलं

बुकिंग अ‍ॅपवरून ५ तारखेला केलं होतं. आधारच्या ओटीपीने ई-केवायसी झालं, जोडणीचे १,००० रुपये भरले. १०० एमबीपीएसचा प्लॅन ७९९, जीएसटीसह ९४३. चौथ्या दिवशी दोन मुलं शिडी घेऊन आली.

एक गोष्ट त्यांना दारातच विचारली: डब्यात सिम आहे ना? ‘एअर’ नावाने मिळणाऱ्या सगळ्याच जोडण्या ५जीवर चालत नाहीत. जिथे ५जीवर भार जास्त आहे तिथे परवानामुक्त ५ गिगाहर्ट्झचा रेडिओ लावून समोरच्या खांबावरून थेट दुवा देतात. तो वाईट असतो असं नाही, पण त्याला समोरचा रेडिओ नजरेत असावा लागतो आणि फोनवर मोजलेले ५जीचे आकडे तिथे गैरलागू ठरतात. आमच्या डब्यात सिम होतं.

डबा पहिल्यांदा पाण्याच्या टाकीजवळच्या पाइपला बांधला, कारण तो सोयीचा. त्यांच्या फोनवर `SINR` ९ आला. टॉवरच्या दिशेला नेमका आंब्याचा शेंडा होता. “सिग्नल येतोय मॅडम, चालेल,” असं त्यांतला एक म्हणाला. त्याला डबा गच्चीच्या दक्षिण कोपऱ्यात दोन मीटर सरकवायची विनंती केली. वीस मिनिटं गेली, आकडा १७ झाला. जोडणीच्या दिवशी तंत्रज्ञ समोर असताना ही वीस मिनिटं नक्की मागून घ्यावीत, कारण नंतर ‘जागा बदला’ ही वेगळी तक्रार होते आणि तिला दिवस लागतात.

डब्यातून लॅनची एकच वायर खाली येते. तिच्यातूनच वीजही वर जाते. खाली त्यासाठी वेगळा अ‍ॅडॅप्टर असतो. वायर भिंतीच्या भोकात शिरण्याआधी तिला खाली झोळ देऊन मग वर घ्यायला सांगावं, म्हणजे पाणी झोळाच्या टोकाला गळतं, वायरीवरून घरात येत नाही. भोकही आतून बाहेर उतरतं हवं. कोकणात हे नाही केलं तर पहिल्याच पावसात भिंत ओली होते.

९ ते २३ मे: ५जीचे पंधरा दिवस

वेग मोजताना वायफाय मधून काढावं. लॅपटॉप वायरीने राउटरला जोडला, मगच मोजणी केली. दिवसातून तीनदा वेग घेतला, शिवाय विंडोजच्या लॅपटॉपवर कमांड प्रॉम्प्टमध्ये पिंग चालू ठेवलं. पिंग म्हणजे छोटा संदेश पाठवून उत्तर यायला किती मिलिसेकंद लागतात ते मोजणं, इथे सहाशे वेळा:

```
ping -n 600 192.168.1.1
ping -n 600 1.1.1.1
```

पहिला पत्ता आपल्याच राउटरचा आहे. तुमच्या राउटरखालच्या चिठ्ठीवर वेगळा असेल तर तो घालावा. पहिल्या ओळीतच आकडे उड्या मारत असतील तर दोष घरातला आहे, वायफायचा किंवा वायरीचा. पहिली ओळ १ मिलिसेकंदावर स्थिर आणि दुसरी हेलकावे खाते, तर दोष बाहेरचा. कस्टमर केअरशी बोलताना हे दोन निकाल हातात असले की ‘राउटर बंद करून चालू करा’ यात अर्धा तास जात नाही.

सकाळी अकराला डाउनलोड ९८, अपलोड २२, पिंग सरासरी २८. एवढं बघून कोणीही खूश होईल, आम्हीही झालो. रात्री साडेनऊला डाउनलोड ४१, अपलोड ६, पिंग सरासरी ६०, मध्येच २४० ची उडी, आणि सहाशेपैकी नऊ उत्तरं आलीच नाहीत. हे एखाद्या रात्रीचं नव्हतं. पंधरापैकी अकरा रात्री थोड्याफार फरकाने असंच आलं.

कारण साधं आहे. टॉवरच्या एका बाजूची क्षमता त्या बाजूच्या सगळ्या मोबाईलांमध्ये आणि सगळ्या घरांच्या डब्यांमध्ये वाटली जाते. रात्री सगळे घरी असतात. अपलोड आणखी आखडतं, कारण या पट्ट्यात एकाच लहरीवर आळीपाळीने खाली आणि वर डेटा जातो आणि वेळेचा मोठा वाटा खाली येणाऱ्यासाठी राखलेला असतो. शिवाय तुमच्या डब्याची प्रक्षेपणशक्ती टॉवरच्या मानाने फारच थोडी.

टीव्हीला याने काही फरक पडला नाही. ४१ एमबीपीएसमध्ये एचडी सहज चालतं आणि टीव्ही पुढचे काही सेकंद आधीच साठवून ठेवतो. फरक पडला तो रात्रीच्या ऑफिस कॉलला. तिथे आवाज तुटायचा, आणि कोणी फोटो क्लाउडवर चढवत असेल तर समोरचा माणूस गोठायचा. ऐकायला नीट येतं पण आपलं बोलणं पोचत नाही, असं झालं की अपलोड तपासावं. ज्या घरात रात्री नऊनंतर कोणी कॉलवर बसत नाही त्यांना हा दोष कदाचित वर्षभर कळणारही नाही.

२६ ऐवजी २९ मे: फायबर आलं

त्या वर्षी मान्सून २५ मे रोजीच तळकोकणात पोचला. २६ ला खांबावर चढणं शक्य नव्हतं. काकांनी फोन करून २९ तारीख दिली. मे महिन्यात जोडणी ठरवणाऱ्यांनी कोकणात पहिला पंधरवडा धरावा.

फायबरच्या जोडणीत तीन जागी लक्ष ठेवलं. तार खांबावरून घराकडे येताना तिच्यासोबत आधाराची पोलादी तार होती. ती घराबाहेरच्या हुकला बांधून तिथेच कापायला सांगितली. काच वीज वाहत नाही, पण ती पोलादी तार घरात नेली तर विजा चमकताना ती नको ते आत आणू शकते. ५जीच्या डब्याची तांब्याची वायर तर गच्चीवरून थेट आत येते, त्यामुळे विजांचं वादळ जवळ येण्याआधीच तिचा अ‍ॅडॅप्टर सॉकेटमधून काढावा आणि वायर राउटरपासून सोडवावी.

दुसरी जागा वळणाची. स्लायडिंग खिडकीच्या फटीतून तार घेतली आणि खिडकी लावली की काच दाबली जाते आणि प्रकाश बाहेर सांडतो. पहिल्या दिवशी चालतं, मग कधीतरी बंद-चालू होऊ लागतं. भिंतीला भोक पाडूनच तार घ्यावी आणि जादाच्या तारेचं वेटोळं बशीएवढं मोठं ठेवावं. तिसरी जागा कनेक्टरची. हिरव्या टोकाचं तोंड किंचित तिरकं घासलेलं असतं, निळ्याचं सरळ. हिरव्यात निळं बसतं, पण बरंचसं तेज वाया जातं. हिरव्याला हिरवंच.

जोडणी झाल्यावर ब्राउझरमध्ये राउटरचा पत्ता टाकून उघडणाऱ्या पानावर `Status` मध्ये `Rx Power` बघितला: उणे २०.१. घरात पोचणाऱ्या प्रकाशाचा हा आकडा. उणे १५ ते उणे २५ मध्ये असेल तर निश्चिंत. उणे २७ च्या पुढे डबा आंधळा होऊ लागतो. या मापात दर ३ आकड्यांना प्रकाश निम्मा होतो, हे लक्षात ठेवलं की पुढची गोष्ट समजेल. जोडणीच्या दिवशीचा आकडा भिंतीवर पेन्सिलीने लिहून ठेवला.

वेग डाउनलोड ९७, अपलोड ९७. पिंग १४. रात्री साडेनऊला डाउनलोड ९४, अपलोड ९५, पिंग १५, सहाशेपैकी सहाशे उत्तरं. फायबरवरही एक तार अनेक घरांत वाटलेली असते, एका तारेवर ३२ किंवा ६४ घरं. पण ती तार खाली जवळपास २,५०० आणि वर १,२५० एमबीपीएस वाहते, त्यामुळे १०० च्या प्लॅनला वाटणी जाणवत नाही.

इथे निर्णय झाल्यासारखा वाटला होता. जूनने तो पुन्हा विचारात पाडला.

१४ जून: लाल दिवा

संध्याकाळी वाऱ्यात फांदी पडली आणि फायबरच्या डब्यावर `LOS` चा दिवा लाल झाला. लाल `LOS` म्हणजे प्रकाश येतच नाही. राउटर दहा वेळा बंद-चालू करून काही होणार नाही. तार कुठेतरी तुटली आहे. तक्रार नोंदवताना ‘नेट नाही’ असं न सांगता ‘लॉस लाल आहे’ असं सांगावं, म्हणजे थेट शिडीवाला माणूस येतो. दुरुस्ती १६ तारखेला दुपारी झाली, पावणेदोन दिवसांनी. गावभर तारा तुटल्या होत्या आणि माणूस एकच.

या पावणेदोन दिवसांत ५जीवर घर चाललं. ‘पावसात ५जी जातं’ असं सर्रास म्हटलं जातं, ते या पट्ट्याच्या बाबतीत बरोबर नाही. ३,३०० मेगाहर्ट्झला पावसाचे थेंब फार त्रास देत नाहीत. तो त्रास २६ गिगाहर्ट्झसारख्या फार वरच्या पट्ट्यांना. आमच्याकडे जे झालं ते झाडामुळे. आंब्याची ओली पानं पाणी धरून ठेवतात आणि लहरी शोषतात. मे महिन्यात १७ असलेला `SINR` भर पावसात ११ वर आला, डाउनलोड रात्री २५ पर्यंत उतरलं. म्हणून सिग्नल उन्हाळ्यात मोजला असेल आणि वाटेत झाड असेल तर पाच-सहा आकडे वजा करूनच धरावा.

त्याच दिवसांत वीज दोनदा चार-चार तास गेली. फायबरचा डबा १२ व्होल्टवर चालतो, त्याला १,४०० रुपयांचा छोटा यूपीएस पुरतो आणि मधले स्प्लिटर विजेशिवाय चालतात. ५जीच्या गच्चीवरच्या डब्याला त्याच्या अ‍ॅडॅप्टरमधून ४८ व्होल्टच्या आसपास वीज लागते. तो १२ व्होल्टचा यूपीएस तिथे निरुपयोगी. घरात इन्व्हर्टर नसेल तर ५जी वीज गेल्याक्षणी बंद. आणि वीज लांबली की टॉवरची बॅटरीही संपते, मग फोनचंही जातं. तसं एकदा रात्री झालं. यूपीएस घेण्याआधी आपल्या अ‍ॅडॅप्टरवर छापलेला व्होल्टचा आकडा वाचावा, एवढं केलं तरी चूक टळते.

१६ ते २१ जून: दुरुस्तीनंतरचा दोष

ही गोष्ट जरा सविस्तर सांगते, कारण फायबर वाईट म्हणून सोडून देणारे बरेच लोक इथे अडकतात.

जोडणी झाली, लाल दिवा गेला, नेट आलं. पण १८ तारखेपासून दिवसातून चार-पाच वेळा दोन मिनिटं तुटू लागलं, मुख्यतः पाऊस जोरात असताना. केबलवाल्यांच्या ऑफिसात लाईन ‘चालू’ दिसत होती. `Rx Power` उघडून बघितला: उणे २६.४. भिंतीवर लिहिलेला उणे २०.१. फरक सहाच्या थोडा वर, म्हणजे प्रकाश एक चतुर्थांशाच्याही खाली आलेला. एवढ्यावर डबा कसाबसा वाचतो आणि जरा काही झालं की हात टेकतो.

तुटलेली तार घाईत यांत्रिक कनेक्टरने जोडली होती. त्यात काचेची दोन टोकं समोरासमोर दाबून धरलेली असतात, मध्ये जेल असतं. नीट कापलेली टोकं असतील तर हेही टिकतं, पण पावसात शिडीवर उभं राहून काच नीट कापली जात नाही, आणि डब्यात पाणी गेलं की तेज आणखी उतरतं. मशीनने वितळवून केलेल्या जोडात हा प्रश्न येत नाही.

दोन्ही आकड्यांचे स्क्रीनशॉट काकांना पाठवले. २१ तारखेला माणूस मशीन घेऊन आला. खांबाखाली स्टुलावर मशीन ठेवून, वर छत्री धरून, त्याने जुना जोड कापला, टोकं अल्कोहोलने पुसली, कटरने तोडली आणि मशीनमध्ये समोरासमोर ठेवली. छोट्या पडद्यावर दोन राखाडी पट्ट्या सरकत जवळ आल्या, एक ठिणगी पडली आणि मधली रेघ नाहीशी झाली. जोडावर नळी चढवून त्याने ती मशीनच्याच भट्टीत आकसवली. घरात आकडा उणे २०.४. त्यानंतर जुलैअखेरपर्यंत एकदाही तुटलं नाही.

पहिल्या दिवशीचा आकडा लिहिलेला नसता तर उणे २६.४ हा बिघाड आहे की आमची लाईन मुळातच अशी, हे सांगता आलं नसतं.

३० जून: निवड

आम्ही फायबर ठेवलं आणि ५जी सोडलं. रात्रीचं अपलोड आणि स्थिर पिंग या दोन गोष्टी आमच्या कामाला लागतात आणि त्या फायबरवरच मिळाल्या. जूनचा प्रत्यक्ष वापर राउटरने ८१० जीबी दाखवला, म्हणजे १ टीबीची भिंत फार लांब नव्हती. तार तुटेल तेव्हा एक-दोन दिवस फोनचा हॉटस्पॉट, तोही पूर्वेच्या खिडकीत फोन ठेवून. तिथे `SINR` ११ मिळतो, हॉलमधल्या ४ पेक्षा कितीतरी बरा.

आमच्याच वाडीत, टॉवरच्या बाजूला राहणाऱ्या एका भाड्याच्या घराला मात्र ५जीच घ्या असं सांगितलं. गच्चीवर `SINR` २२, मध्ये झाड नाही, घरात इन्व्हर्टर आहे, वापर ३०० जीबी, रात्रीचे कॉल नाहीत आणि अकरा महिन्यांनी घर बदलायचं. फायबरची तार त्यांच्या घरापर्यंत दुसऱ्याच्या बागेवरून आणावी लागली असती. त्यांच्यासाठी एवढ्या तारेचे पैसे घालणं योग्य नव्हतं. घर बदलताना ५जीचा डबा असाच उचलून नेता येतो असं समजू नये. कनेक्शन पत्त्याशी बांधलेलं असतं, स्थलांतराची विनंती करावी लागते आणि नव्या जागी आकडे पुन्हा मोजावे लागतात.

खर्च असा झाला. फायबर: जोडणी १,५००, जादा तार १,१००, यूपीएस १,४००, जूनचे ८२६, एकूण ४,८२६ रुपये. ५जी: जोडणी १,००० आणि दोन महिन्यांचे १,८८६, एकूण २,८८६. यातले जोडणीचे हजार परत येत नाहीत.

५जी बंद करायला तीन फोन आणि अकरा दिवस लागले. पहिल्या फोनला प्लॅन स्वस्त करून देण्याची तयारी दाखवली गेली, विनंती नोंदलीच नाही. दुसऱ्या वेळी विनंतीचा क्रमांक मागून घेतला आणि एसएमएस येईपर्यंत फोन ठेवला नाही. पुढचं बिल निघण्याआधी किमान दहा दिवस विनंती करावी, नाहीतर आणखी एक महिन्याचे पैसे जातात. ११ जुलैला माणूस डबा न्यायला आला. परत द्यायच्या वस्तू चार: गच्चीवरचा डबा, त्याचा वीज अ‍ॅडॅप्टर, घरातला राउटर आणि राउटरचा अ‍ॅडॅप्टर. चौथी वस्तू लोक विसरतात आणि तिचे पैसे लागतात. प्रत्येकीच्या सिरीयल नंबरचा फोटो काढला, पावतीवर तेच नंबर लिहून घेतले आणि त्याची सही घेतली. गच्चीतलं भोक सिमेंटने त्याच दिवशी बुजवलं, कारण रात्री पुन्हा पाऊस होता.